वायर हलली की उजव्या कानात खरखर: पिन, वायर की ड्रायव्हर?

टाळकरी (नेरुळ) · सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा मदत हवी आहे. कानावर बसणारा मोठा वायरवाला हेडफोन आहे, तीन वर्षांचा, ३२ ओहमचा. आमच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगची काटछाट मी लॅपटॉपवर ऑडॅसिटीत करतो, त्यासाठी रोज तास-दीड तास तरी डोक्यावर असतो.

दोनेक आठवड्यांपासून वायर हलली की उजव्या कानात खर्र-खर्र होतं, मधेच आवाज जातो आणि परत येतो. डाव्या कानाला काही नाही. नीट ताठ बसून काम केलं तर अर्धा तास काहीच होत नाही. वही बघायला डावीकडे मान वळवली की सुरू.

वाशीत एका दुकानात दाखवला. त्याने कानाला लावला, वायर दोनदा हलवली आणि म्हणाला, "आतला आवाज काढणारा ड्रायव्हर गेलाय, बदलायचे तर दोन्ही बदलावे लागतील." सांगितलेल्या पैशात नवा येईल. घरी मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची कामचलाऊ इस्त्री आहे. नेमकं कुठे बिघडलंय ते आपल्याला शोधता येईल का?

पाचपाखाडी · सोमवार, रात्री ११:०५

डोळे झाकून पिन. दहातल्या नऊ वेळा वायर पिनेच्या मागे रबराच्या गळ्यापाशीच तुटते, कारण आपण काढताना पिन न धरता वायर धरून ओढतो. पिनेपासून चार बोटं सोडून वायर कापा, नवी ३.५ मिमीची पिन लावा, काम तमाम. मी घरातले तीन असेच जिवंत केलेत.

तपासायचंच असेल तर मीटरचा बझर लावा. वाजला तर वायर चांगली, नाही वाजला तर तुटलेली.

उषाताई · मंगळवार, सकाळी ७:१०

माझ्याही इअरफोनचं अगदी हेच होतंय हो. सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारते तेव्हा वायर ओढणीला घासली की दोन्ही कानांत खरडल्यासारखा, धप-धप आवाज येतो. गाणं मात्र बंद पडत नाही. माझीही पिन कापायची का?

मिश्रधातू (ठाणे पूर्व) · मंगळवार, सकाळी ८:३०

थांबा, कुणी काही कापू नका.

उषाताई, तुमचा आजार वेगळा आहे, खरं तर आजारच नाही. इअरफोन कानात ठेवून पिन मोबाइलमधून काढून टाका आणि वायरवर नख घासा. तरीही धप-धप ऐकू आलं तर विजेचा संबंधच नाही, वायरची थरथर दोरीच्या टेलिफोनसारखी थेट कानात पोचतेय. वायर कानावरून मागे वळवून घ्या किंवा ओढणीला चिमट्याने लावा, म्हणजे ती थरथर मधेच मरते.

टाळकरी, तुमच्यात आवाज जातो-येतो, म्हणजे कुठेतरी जोड सुटतोय-लागतोय. एक माहिती द्या: वायर दोन्ही कपांत शिरते की एकाच? आणि ती कपापासून सुटी करता येते का?

पाचपाखाडी, बझरबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. ३२ ओहमच्या हेडफोनवर तो भरवशाचा नाही.

उषाताई · मंगळवार, सकाळी ८:५५

पिन काढली तरी तोच आवाज! म्हणजे चांगलाच आहे की. धन्यवाद.

टाळकरी · मंगळवार, सकाळी ९:२०

फक्त डाव्या कपात शिरते. सुटी होत नाही, आतच जोडलेली आहे. (लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय, चुकभूल माफ.)

मिश्रधातू · मंगळवार, सायंकाळी ७:४५

वायर डाव्या कपात शिरते आणि खरखर उजव्या कानात. इथेच मला वेगळा वास येतोय.

अशा हेडफोनमध्ये मुख्य वायरीत तीन तारा असतात: डाव्याची, उजव्याची आणि दोघांची मिळून परतीची. तिन्ही डाव्या कपात येतात. तिथून उजव्याची तार आणि परतीचा एक फाटा अशा दोन बारीक तारा डोक्यावरच्या पट्टीतून पलीकडच्या कपात जातात. म्हणजे उजव्या कानापर्यंतचा रस्ता जास्त लांब, आणि शेवटचा टप्पा जिथे पट्टी सरकते, कप फिरतो, रोज घडी होते, अशा जागेतून. दुकानदाराने वायर हलवली तेव्हा वायरीच्या वजनाने डावा कपही हलला असणार. नुसत्या वायरीला हात लावलाय असं वाटतं, पण खरं तर तुम्ही अख्खी पट्टी हलवत असता.

म्हणून आधी इस्त्री नको. कान वापरा, कारण मीटरपेक्षा कान चपळ आहे. ऑडॅसिटीत `Generate > Tone` मधून ३०० हर्ट्झचा साइन सूर दोनेक मिनिटांचा तयार करा, `Amplitude` ०.२ पुरे. गाण्यावर ही तपासणी करू नका. गाण्यात आवाज आपणहून वर-खाली होत असतो, बारीक तुटणं त्यात लपतं. सपाट सुरात केसाएवढी फट पडली तरी कळते.

सूर चालू ठेवून या क्रमाने बघा. प्रत्येक वेळी एकच जागा हलेल, बाकी सगळं टेबलावर गप्प पडलेलं असेल.

पिन लॅपटॉपच्या भोकात हळूच गोल फिरवा. खरखरली तर तीच पिन मोबाइलमध्ये घालून पुन्हा करा. एकाच यंत्रात खरखरत असेल तर दोष भोकात आहे, हेडफोनमध्ये नाही.

मग पिनेचं प्लास्टिक बोटांत घट्ट धरा, म्हणजे भोकात काही हलणार नाही, आणि मागच्या गळ्यापाशी वायर चारी बाजूंना वाकवा. पाचपाखाडी म्हणतात तो दोष असेल तर इथेच सापडेल.

पुढे दोन्ही हातांच्या चिमटीत दोन बोटं अंतर ठेवून वायर धरायची, फक्त मधला तुकडा वाकवायचा आणि तसंच पुढे पुढे सरकत डाव्या कपापर्यंत जायचं. घाई केलीत की ताण पुढे जातो आणि दोष भलत्याच जागी दिसतो.

शेवटी वायर कपाजवळ टेबलाला चिकटपट्टीने पक्की करा आणि फक्त उजवा कप फिरवा, पट्टी आत-बाहेर सरकवा.

पाचपाखाडी · मंगळवार, रात्री ९:००

बझरचं राहिलं.

मिश्रधातू · मंगळवार, रात्री ९:२५

हो. तुमच्या मीटरचा बझर किती ओहमखाली वाजतो? कुठला तीसखाली वाजतो, कुठल्याची मर्यादा पन्नासच्याही वर. हेडफोनची कॉइल आहे ३२ ची, अगदी कुंपणावर. तेव्हा तो गप्प बसला म्हणून तार तुटली असं होत नाही. आणि वाजला तरी तो त्या क्षणापुरता. तार आत तुटून टोकाला टोक टेकलेली असली की बझर छान वाजतो, मान वळवली की नाही.

तुमचं पिनेबाबतचं म्हणणं मात्र बऱ्याच वेळा बरोबरच ठरतं. मी फक्त म्हणतोय, कापायच्या आधी बघा.

खाडीपलीकडे (ऐरोली) · मंगळवार, रात्री १०:१५

दादा, माझापण एक घोळ सांगू का? माइकवाला इअरफोन आहे, पिनेवर तीन काळ्या रेघा. कधी कधी गायकाचा आवाजच गायब होतो! नुसती वाद्यं आणि लांबून गुहेत कुणीतरी गातंय असं. पिन दाबून धरली की ठीक. मला वाटलं मोबाइलनेच कराओके चालू केलं. ड्रायव्हर फाटलाय का?

मिश्रधातू · मंगळवार, रात्री १०:४०

ड्रायव्हर फाटल्यावर गायक निवडून कसा जाईल? 🙂 ही परतीची तार सुटल्याची खूण आहे. परतीचा रस्ता बंद झाला की दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो. गायक बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखाच मिसळलेला असतो, म्हणून तो वजा होतो. वाद्यं थोडी इकडे-तिकडे मांडलेली असतात, ती उरतात.

आता एक विचारतो: मोबाइलला जाड कव्हर आहे का? ते काढून पिन पूर्ण आत घालून बघ.

खाडीपलीकडे · मंगळवार, रात्री १०:५२

😳 कव्हरच. पिन एक मिलिमीटर बाहेर राहत होती. कव्हर काढलं की गायक हजर. मी नवीन घ्यायला निघालो होतो!

टाळकरी · बुधवार, रात्री ११:३०

आज शांतपणे बसलो. बायको दोनदा विचारून गेली की हा एकसुरी भोंगा कसला.

पिन फिरवली: लॅपटॉपमध्ये काही नाही, मोबाइलमध्येही नाही. पिनेच्या गळ्याशी वायर वाकवली: एकदा खरखरलं! मला वाटलं पाचपाखाडी जिंकले. पण तेव्हा हेडफोन डोक्यावर होता आणि वायर ताणली जात होती. हेडफोन टेबलावर ठेवून, त्याच्या उशीला कान लावून परत केलं तर पूर्ण शांत, दहा वेळा वाकवली तरी. मग दोन-दोन बोटांनी सरकत अख्खी वायर पार केली, कुठे काही नाही. वायर चिकटपट्टीने टेबलाला बांधली आणि उजवा कप जरा बाहेर वळवला… खर्र! पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत ओढली की सूर पूर्ण बंद. आत ढकलली की चालू.

मग मीटरही लावला, २०० ओहमच्या खाचेवर. (दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवली तर ०.४ दाखवतो, ते वजा धरा.)

पिनेचं टोक आणि बूड: ३३.२, काहीही हलवा, ढिम्म.
मधलं कडं आणि बूड: ३३.५, पण उजवा कप वळवला की ४०च्या पुढे उड्या, मग डाव्या कोपऱ्यात नुसता `1`.
टोक आणि कडं: साधारण ६६, आणि कप वळवला की तोही `1`.

याचा अर्थ काय लावायचा?

पाचपाखाडी · गुरुवार, सकाळी ८:०५

हरलो बुवा. पण मीटरच्या उड्यांवर फार जाऊ नका, टोकं हातात धरली तर हाताच्या दाबानेही आकडा नाचतो. मगर-चिमटे लावले होते का?

टाळकरी · गुरुवार, सकाळी ९:१५

आधी हातात धरली होती, तेव्हा डाव्याचा आकडाही नाचत होता. मग शेजारच्यांकडून चिमटे आणले. वरचे आकडे चिमट्यांवरचे आहेत.

मिश्रधातू · गुरुवार, रात्री ८:१०

छान काम केलंत. चिमट्यांची आठवण पाचपाखाडींनी बरोबर केली.

आकडे असे वाचा. नुसता `1` म्हणजे रस्ता तुटलेला. पिनेचं टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्याचं आणि बूड परतीचं. डाव्याचा आकडा ढिम्म आहे, म्हणजे टोक, डाव्याची तार, डाव्याची कॉइल आणि मुख्य वायरीतली परतीची तार ही सगळी निर्दोष. मुख्य परतीची तार तुटली असती तर डावं-उजवं दोन्ही गेलं असतं, पण टोक-कडं हा ६६ तसाच राहिला असता, कारण तो रस्ता दोन्ही कॉइलींतून जातो आणि परतीच्या तारेला शिवतही नाही. ऐरोलीच्या मुलाचा गायक गेला तो हाच प्रकार. तुमच्यात उलट आहे: ६६ सुद्धा जातोय. म्हणजे तुटलेली जागा फक्त उजव्याच्या रस्त्यावर आहे.

त्यातही पिन आणि मुख्य वायर हलवून काही झालं नाही, कप वळवून झालं. तेव्हा पट्टीतल्या दोन तारांपैकी एक, किंवा उजव्या कपातला सोल्डर. दोनपैकी कुठली ते पिनेकडून मोजून कळणार नाही, उजव्याकडे जाणारी तुटो की येणारी, आकडा सारखाच दिसतो. उघडावंच लागेल.

ड्रायव्हर गेल्याची शक्यता मी जवळजवळ सोडून देतो. ताठ बसलात की अर्धा तास काहीच होत नाही असं तुम्ही म्हणता, आणि बिघडलेला ड्रायव्हर वायरीची वाट बघत नाही. पडदा घासत असेल किंवा त्यावर केस पडला असेल तर विशिष्ट खालच्या सुरावर, तुम्ही दगडासारखे बसलात तरी, बर्र-बर्र होतं. एक अपवाद आहे: ड्रायव्हरच्या पत्तीवर येणारी कॉइलची केसाएवढी तार तिथेच सुटली असली तर कपावर टिचकी मारल्यावरही आवाज जातो-येतो. टिचकी मारून बघा.

उघडताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. उशी कडेने ओढून निघते, स्क्रू तिच्याखाली असतात. ड्रायव्हरमागे चुंबक आहे, लोखंडी चिमटा किंवा स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की तो खेचला जातो आणि सरळ पडद्यात घुसतो. मी स्वतः असा एक मारलाय. आणि सोडवण्याआधी फोटो काढा.

टाळकरी · गुरुवार, रात्री ९:००

टिचकी मारली, काही नाही. शनिवारी उघडतो.

उषाताई · शुक्रवार, सकाळी ७:३०

मला आता काही घेणंदेणं नाही, पण हा धागा मी मालिकेसारखा वाचतेय. 😄

टाळकरी · शनिवार, सायंकाळी ६:२०

सापडलं!

उजव्या कपाच्या उशीखाली चार स्क्रू. आत लाल आणि तांबूस अशा दोन तारा पट्टीच्या खोबणीतून येतात. जिथे पट्टी सरकते तिथे प्लास्टिकची एक धारदार कड आहे. तिथे लाल तारेचं आवरण सोललेलं आणि आतले तांब्याचे दोरे तुटलेले, दोनच शिल्लक. बोटाने जरा वाकवलं की तेही सुटायचे. तांबूसवाली अख्खी आहे, पण तिचंही आवरण झिजायला लागलंय.

आता दोन्ही बदलू की फक्त लाल? आणि जुन्या इअरफोनची वायर वापरली तर चालेल?

पाचपाखाडी · शनिवार, सायंकाळी ६:४५

दोन्ही बदला, पुन्हा उघडायची कटकट नको. जुन्या इअरफोनच्या वायरीला सोल्डर धरत नाही असा माझा अनुभव आहे. कितीही इस्त्री लावा, गोळा होऊन घसरतो.

मिश्रधातू · शनिवार, सायंकाळी ७:३०

धरतो, पण आधी साल जाळावी लागते. त्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो, उघडी दिसली तरी ती आवरणातच असते. इस्त्रीच्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्यायचा, जरा राळ लावायची आणि तारेचं टोक त्या थेंबात बुडवून ठेवायचं. धूर निघतो, लाख जळते आणि तार चकचकीत होते. हे ड्रायव्हरपासून लांब, टेबलावर करा. तुम्हाला मात्र मी ती वायर सुचवणार नाही, घडीच्या जागी ती लवकर थकते. मऊ आवरणाची, खूप बारीक दोऱ्यांची पातळ वायर घ्या. ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर मीटरने मिळते, ठाण्यात स्टेशनजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांतही विचारा.

लांबी पट्टी पूर्ण बाहेर काढून मापा आणि वर दोन बोटं ढील ठेवा. त्या धारदार कडेवर कानशीचे दोन हात मारा. बारीक भुसा आत जाऊ देऊ नका, उडवून टाका.

ड्रायव्हरच्या पत्तीला इस्त्री दोन सेकंदांवर नको. तिथेच कॉइलची केसासारखी तार जोडलेली असते. ती उखडली की दुकानदार खरा ठरला.

टाळकरी · रविवार, दुपारी ३:१०

लावली. पहिल्यांदा ढील कमी ठेवली होती, पट्टी शेवटच्या खाचेवर नेली की वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली जायची. परत सोडवून लांब घातली. आता कप फिरवा, पट्टी ओढा, घडी घाला, सूर सपाट. कडं-बूड ३३.६, ढिम्म. खरखर गेली!

पण… मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं तर पखवाज पोकळ वाटतोय. धुमाळीतला "धा" पोटात बसतच नाही. बुवांचा आवाज समोर असायचा, आता डोक्यात पसरल्यासारखा, कुठून येतोय तेच कळत नाही. दोन्ही कान वाजताहेत, आवाजही सारखा. दुरुस्तीत ड्रायव्हरला काही झालं असेल का?

खाडीपलीकडे · रविवार, दुपारी ३:३०

माझ्यासारखं झालं! परतीची तार?

मिश्रधातू · रविवार, दुपारी ४:००

जवळ आलास, पण नाही. परतीची तार सुटली असती तर कडं-बूड हा आकडाच आला नसता.

टाळकरी, उजव्याच्या दोन तारा उलट्या लागल्यात. डावा पडदा बाहेर येतो तेव्हा उजवा आत जातो. खालचे सूर असे पोकळ वाटतात आणि मधला आवाज जागा सोडतो. मीटरला हे दिसत नाही, त्याला कॉइल उलटी काय, सुलटी काय. खात्री करून घ्या: रेकॉर्डिंगची एक प्रत घ्या, डावं-उजवं वेगळं करा आणि एकाच बाजूवर `Invert` चालवा. पखवाज भरला आणि बुवा समोर आले तर मी म्हणतो तेच.

फोटो काढला होता ना?

टाळकरी · रविवार, सायंकाळी ५:४५

काढला होता. पण कप उलटा धरून. 🤦 `Invert` केल्याबरोबर पखवाज घरात आला. तारा अदलाबदल केल्या, आता साध्या फाइलवरही भरगच्च. बुवा समोर.

पाचपाखाडी · रविवार, सायंकाळी ६:००

मी पिनेवर चार पैसे लावले होते, पण इथे शिकायला मिळालं. माझे तीन हेडफोन नुसत्या पिनेवर बरे झाले ते माझं नशीबच म्हणायचं.

मिश्रधातू · रविवार, सायंकाळी ६:१०

नशीब नाही. तुमच्या तिघांची वायर दोन्ही कपांत शिरत असणार. बरोबर?

पाचपाखाडी · रविवार, सायंकाळी ६:१५

…हो की.

टाळकरी · सोमवार, रात्री ९:५०

एक शेपूट राहिलंय. `Generate > Chirp` ने खालून वर हळूहळू सूर सरकवला. साधारण ९० हर्ट्झच्या आसपास उजवीकडे बारीक बर्र येतं. आवाज कमी केला की नाही, वाढवला की आहे. वायर हलवून काही फरक नाही, कप फिरवूनही नाही. दुरुस्तीच्या आधी होतं का ते आठवत नाही.

पाचपाखाडी · सोमवार, रात्री १०:०५

केस. पडद्यावर एखादा केस पडलाय. उशी काढून उजेडात तिरकं धरून बघा.

मिश्रधातू · सोमवार, रात्री १०:२०

केस असू शकतो, पण कालच कप उघडला होता आणि जास्तीची ढील आत सोडली होती. माझा संशय त्या नव्या वायरीवर आहे, ती कपाच्या पाठीला किंवा ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला टेकून थरथरत असेल. उघडा, वायरीखाली कापसाचा किंवा फोमचा लहानसा तुकडा ठेवून चिकटपट्टी लावा, उशी बसवा आणि तोच सूर लावा. बर्र गेलं तर वायर. राहिलं तर पुढून बघा. कानशीचा भुसा आत जाऊन पडद्याला लागतोय, हीही शक्यता आहे, तसं असेल तर तो काढणं अवघड.

उषाताई · मंगळवार, सकाळी ७:०५

माझं मत केसाला. आमच्याकडे सगळ्यात केसच सापडतात.

टाळकरी · मंगळवार, सकाळी ९:१०

परवा एकादशीचं रेकॉर्डिंग आहे, तोवर कपाला हात लावत नाही. भजन सरलं की उघडतो आणि इथेच लिहितो.